पाळीचा कागद किती दिवस आधी लावावा?

कापडाच्या धंद्यात आम्ही मालाची आगाऊ नोंद ठेवतो. सुरतेची गाठ कधी निघाली, बिल्टी कोणाकडे आहे, उधारी कोणत्या तारखेची, हे सारे वहीत असते. पण दुकानातला माणूस उद्या किती वाजता येणार आणि त्याची सुट्टी कोणत्या वारी, हे मात्र आमच्यातले पुष्कळ जण रात्री शटर ओढताना सांगतात. "उद्या जरा लवकर ये" असे सांगितले की काम झाले, अशी समजूत आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा, बहुतेक दुकानांत हीच रीत दिसते. ही रीत आता महाग पडते असे आमचे मत आहे. पाळीचा कागद किती दिवस आधी लावावा आणि लावल्यावर त्यात बदल कसा करावा, याचा हिशेब प्रत्येक दुकानदाराने एकदा बसून करायला हवा.

पूर्वी हा प्रश्न एवढा नव्हता. 1948 च्या दुकाने कायद्याप्रमाणे आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवावे लागे, म्हणून सगळ्यांची सुट्टी आपोआप एकाच दिवशी येई. 2017 चा नवा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला आणि दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवण्याची मोकळीक मिळाली. अट अशी, की प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळालीच पाहिजे. म्हणजे दुकान चालू आणि माणसे आळीपाळीने सुट्टीवर. पाळीपत्रकाची गरज इथूनच आली. कामाचे तास आणि पाळ्या कामगारांना लेखी कळवाव्यात, असेही त्याच कायद्यात आहे. कायदा आला तेव्हा त्यातले कामाच्या तासांचे नियम 10 किंवा अधिक कामगारांच्या दुकानांना होते, आणि ही मर्यादा 20 पर्यंत नेण्याचे राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये ठरवले. आमच्या बिरादरीतली बहुतेक दुकाने याहून लहान आहेत. तेव्हा कोणी दंड करील या भीतीने आम्ही हे लिहीत नाही. लहान दुकानात एक माणूस कमी पडला तर गल्ल्यावर लगेच दिसते, म्हणून लिहितो.

आता दिवसांचा हिशेब. इथे एक घोटाळा नेहमी होतो. मालक म्हणतो, "मी आठवड्याचा कागद लावतो, म्हणजे सात दिवसांची सूचना देतो." प्रत्यक्षात तो कागद रविवारी रात्री लागतो आणि सोमवारपासून सुरू होतो. सोमवारच्या पाळीची सूचना एका रात्रीचीच झाली. कागद किती दिवसांचा आहे ही एक गोष्ट आणि पहिल्या दिवसाच्या किती आधी तो भिंतीवर लागला ही दुसरी. कामगाराच्या उपयोगाची दुसरी.

किती आधी लावावा, हे दोन गोष्टींवर ठरते. कामगाराला किती दिवस आधी कळले तर तो आपले घर लावू शकतो, ही पहिली. दवाखान्याची तारीख, मुलीच्या शाळेचे काम, गावाकडे पेरणी किंवा कापूस वेचणी, बहिणीच्या घरचे कार्य, यांना एक दिवस पुरत नाही, आठवडा बहुधा पुरतो. दुसरी गोष्ट, आपल्याला धंद्याचे पुढचे किती दिवस खरोखर दिसतात. आठवडी बाजाराचा वार ठरलेला असतो. लग्नाच्या तिथी पंचांगात छापलेल्या असतात. पोळा आणि दिवाळी आधी माहीत असते. पण कास्तकाराच्या हातात कापसाचा चुकारा कधी पडेल आणि तो कपडा घ्यायला कधी येईल, हे दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. ट्रान्सपोर्टची गाडी तर दोन दिवस आधीसुद्धा नक्की नसते. म्हणून महिन्याचा कागद महिनाभर आधी लावणे दिसायला शिस्तीचे, पण तो टिकत नाही. जो कागद रोज खोडावा लागतो, त्यावर चार दिवसांत कोणी विश्वास ठेवत नाही.

आमचा सल्ला असा: कागद दोन आठवड्यांचा करावा आणि पहिल्या दिवसाच्या पूर्ण सात दिवस आधी लावावा. म्हणजे जवळचा दिवस सात दिवस आधी आणि शेवटचा दिवस वीस दिवस आधी माणसाला कळतो. ज्याला सुट्टी हवी त्याने कागद लागण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत मुनीमजीकडे नाव लिहून द्यावे. त्या दिवसापर्यंत मागणी, त्यानंतर अदलाबदल, हा फरक सगळ्यांना सांगून ठेवावा.

दोन आठवड्यांच्या कागदात एक जागा तपासून घ्यावी लागते. समजा एकाची सुट्टी पहिल्या आठवड्यात सोमवारी आहे आणि दुसऱ्या आठवड्यात रविवारी. कागदावर दोन्ही आठवड्यांत एकेक सुट्टी दिसते, सारे ठीक वाटते. पण मधले दिवस मोजा, सलग बारा भरतात. त्यातच तो माणूस ताप आला म्हणून घरी राहिला, तर त्यात नवल काय? हिंगणघाट-पुलगावच्या गिरण्यांना जो 1948 चा कारखाने कायदा लागू होता, त्यात सुट्टीचा वार बदलताना कोणीही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम करू नये, असे बंधन होते. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली, पण दहा दिवसांचे हे माप दुकानात वापरायला आजही चांगले आहे. जुन्या कागदाचा शेवट आणि नव्याची सुरुवात जिथे जुळते, तिथेही ते लावून पाहावे.

आता कागद लागल्यानंतरचा बदल. बदल होणारच. प्रश्न एवढाच, की बदल कोणामुळे होतो आणि त्याची किंमत कोण देतो.

अमेरिकेत गॅप नावाची तयार कपड्यांची मोठी कंपनी आहे. तिच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोकडच्या 28 दुकानांत 2015-16 मध्ये विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी एक प्रयोग केला. काही दुकानांत पाळ्या जास्त स्थिर ठेवल्या, काहींत जुनी रीत चालू दिली. स्थिर पाळ्यांच्या दुकानांत विक्री सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. जुना, गिऱ्हाइकाची नजर ओळखणारा माणूस गर्दीच्या वेळी जागेवर असला की थान हलते, हे कापडवाल्याला वेगळे सांगायला नको. पण त्या प्रयोगातली दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. पाळ्यांत ऐनवेळी होणारे पुष्कळ बदल गिऱ्हाइकांच्या लहरीमुळे होत नव्हते. माल येण्याची चुकीची खबर, सेलच्या ठरलेल्या बेतात फेरफार, वरच्या साहेबांची अचानक भेट, असे ते मुख्य कचेरीतून येत होते. आपल्याकडची मुख्य कचेरी म्हणजे आपण स्वतः. नागपूरहून मालाची गाठ आज येणार म्हणून दोघांना सकाळी आठला बोलावले आणि गाठ संध्याकाळी आली, यात गिऱ्हाइकाचा काय संबंध? बोलावण्याआधी ट्रान्सपोर्टला एक फोन केला असता तर दोघांची सकाळ वाचली असती.

म्हणून पहिले काम असे करावे. कागदात जो बदल होईल तो लाल शाईने लिहावा, जुने नाव खोडून नाहीसे करू नये. शेजारी तारीख, बदल कोणी मागितला याची खूण आणि दोघांच्या सह्या. "मा" म्हणजे मालक, "का" म्हणजे कामगार, "बा" म्हणजे बाहेरचे कारण. नऊ माणसे आणि बारा कामाचे दिवस धरले तर कागदात 108 खाने होतात. महिन्यात असे दोन कागद होतील. ते समोर ठेवून लाल खाने मोजावेत. दहापैकी एकापेक्षा जास्त खाना लाल असेल तर कुठेतरी बिघाड आहे, असा आमचा अंदाज आहे. लाल खाने दुसऱ्या आठवड्यातच गोळा झाले असतील तर आपण दिसते त्यापलीकडचे लिहीत आहोत, कागद दहा दिवसांचा करावा. ते पहिल्या तीन-चार दिवसांत असतील आणि खूण "का" असेल, तर सुट्टीची मागणी घेण्यात कसर राहते, मुनीमजींनी आधी फिरून विचारावे. आणि सगळीकडे "मा" दिसत असेल तर दोष कागदाचा नाही.

बदलाचे नियम तीन पुरतात. पहिला, मालकाला बदल हवा असेल तर त्याने विचारावे, हुकूम करू नये, आणि हो म्हणणाऱ्याला मोबदला द्यावा. सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठ्या साखळी दुकानांसाठी 2015 पासून असा नियम आहे, की पाळी 14 दिवस आधी कळवावी. सात दिवसांच्या आत बदल केला तर एका तासाची जास्त मजुरी द्यावी, आणि 24 तासांच्या आत केला तर पाळीच्या लांबीप्रमाणे दोन ते चार तासांची. न्यूयॉर्क शहराने 2017 मध्ये दुकानांसाठी 72 तासांचीच आगाऊ सूचना ठेवली. म्हणजे दिवसांचा आकडा गावागावाचा वेगळा असतो, पण उशिराच्या बदलाला किंमत असावी ही गोष्ट आमच्या उपयोगाची आहे. आपल्या दुकानात आठ तासांची 400 रुपये रोजी धरली तर तास 50 रुपयांचा झाला. सात दिवसांच्या आत बदल केला तर 50 रुपये, आदल्या दिवशी केला तर 200. हे पैसे जातात तेव्हा मालकही "उद्या लवकर ये" म्हणण्याआधी एकदा विचार करतो. त्याचा खरा फायदा इथेच आहे.

दुसरा, कामगाराला बदल हवा असेल तर त्याने आपल्या जागी आपल्याच कामाचा माणूस आणावा. साडीच्या गादीवरचा माणूस साडीच्या गादीवर, शर्टिंगचा शर्टिंगवर. हमाल आणि विक्रेता यांची अदलाबदल कागदावर होते, दुकानात होत नाही. आदल्या दिवशी दुकान बंद होण्याआधी दोघांनी मुनीमजीसमोर सही केली की झाले. त्यात पैशाची देवघेव नाही. मात्र दहा दिवसांचे माप इथेही पाहावे, कारण दोस्तीखातर माणूस आपली सुट्टी देऊन टाकतो आणि मग थकतो.

तिसरा, त्याच सकाळी कोणी आला नाही तर काय? गिरण्यांत यासाठी बदली कामगार असत. ते सकाळी फाटकावर उभे राहत, जागा रिकामी असली तर काम, नाहीतर घरी परत. त्यांच्या परत जाण्याचा भुर्दंड त्यांनाच बसे. आम्ही ती रीत सुधारून घ्यावी. बाजाराच्या दिवशी आणि सणाच्या आदल्या दिवशी सुट्टीवर असलेल्यांपैकी जो खुशीने तयार असेल, त्याचे नाव कागदात "राखीव" म्हणून लिहावे. सकाळी अकरापर्यंत त्याने गावात राहावे, त्याचे 50 रुपये, बोलावले नाही तरी. बोलावले तर पूर्ण रोजी आणि सुट्टी दुसऱ्या दिवशी. आठवड्यातून दोन दिवस राखीव ठेवला तर महिन्याला सुमारे 400 रुपये लागतात. बाजाराच्या एका दिवशी गादी रिकामी राहिली तर यापेक्षा जास्त गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.

मोबाइलविषयी थोडे. कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवावा, ते सोयीचे आहे. पण अस्सल कागद भिंतीवरचा, आणि त्यात लिहिणारा हात एकच. रात्री दहाला पाठवलेला निरोप म्हणजे सूचना नव्हे. समोरचा "हो" म्हणेपर्यंत जुनी पाळीच खरी समजावी.

आता सगळ्यात अवघड प्रसंग घेऊ, रमजान ईदचा. ईद 29 रोजांनी येईल की 30, हे चाँद दिसेपर्यंत नक्की नसते. पुष्कळ जण म्हणतात, ईदच्या आठवड्याचा कागद करताच येत नाही. करता येतो, आणि 2025 ची ईद त्याचे चांगले उदाहरण आहे.

त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा 2 मार्चला होता. म्हणजे 29 वा रोजा रविवारी 30 मार्चला, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा. ईद सोमवारी 31 मार्चला किंवा मंगळवारी 1 एप्रिलला. पुढच्या रविवारी 6 एप्रिलला रामनवमी. नऊ माणसांचे दुकान धरा, पाच मुसलमान आणि चार हिंदू. कागद 24 मार्च ते 6 एप्रिलचा. तो 17 मार्चला लावायचा, मागण्या 15 मार्चपर्यंत घ्यायच्या. चौदा दिवसांपैकी दहा दिवस नेहमीसारखे लिहून होतात. 30 मार्च ते 2 एप्रिल हे चार दिवसच अडतात. त्या चार दिवसांना दोन रकाने करायचे, "29 चा चाँद" आणि "30 चा चाँद".

रविवारची दिवसाची पाळी दोन्ही रकान्यांत सारखी. चार हिंदू कामगार सकाळी घरी पाडवा करतील आणि संध्याकाळी पाचला येतील. पाच मुसलमानांपैकी तिघे सकाळी दहा ते सहा, म्हणजे इफ्तारला घरी. दोघे दुपारी दोनला येतील आणि इफ्तार दुकानात करतील. अंधार पडताच मशिदीतून चाँदची खबर येते. चाँद दिसला तर संध्याकाळचे सहा जण आणि घरची माणसे रात्री साडेदहापर्यंत उभी राहतील. सोमवारी ईद, दुकान बंद, सगळ्यांना भरपगारी सुट्टी. मंगळवारी चार हिंदू कामगार सकाळपासून, मुसलमान कामगार दुपारी चारनंतर, कारण त्या दिवशीही पाहुणे असतात. चाँद दिसला नाही तर रविवारी रात्री नऊला दुकान बंद, संध्याकाळच्या सहा जणांची रोजी पूर्ण. चाँदरात सोमवारी. आदल्या दिवशी सहाला गेलेले तिघे आता रात्रीच्या पाळीत आणि दोनला आलेले दोघे दिवसाच्या. मंगळवारी ईद, आणि पुढचा दिवस त्याप्रमाणे एकाने सरकवायचा.

प्रत्यक्षात त्या रविवारी चाँद दिसला आणि ईद 31 मार्चला झाली. ज्याच्याकडे असा कागद होता त्याने दुसऱ्या रकान्यावर एक रेघ मारली, एवढेच काम. कोणाला फोन नाही, कोणाची मिनतवारी नाही. हा बदल लाल शाईत धरू नये, त्याचा मोबदलाही नाही, कारण दोन्ही रकाने माणसाला तेरा दिवस आधी माहीत होते. जे आधी ठाऊक नसते, त्यातही काय-काय होऊ शकते हे बहुधा ठाऊक असते. ते लिहून टाकले की अचानक असे फार थोडे उरते.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. 2017 च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर स्त्री कामगाराला तिच्या संमतीशिवाय आणि सुरक्षेच्या व्यवस्थेशिवाय ठेवता येत नाही. तेव्हा चाँदरातच्या रकान्यात तिचे नाव विचारल्याशिवाय लिहू नये. दुसरे, त्याच कायद्यात वर्षाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार राष्ट्रीय दिवसांच्या आणि बाकी चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. लहान दुकानातही डिसेंबरात दहा मिनिटे बसून ईद, पाडवा, दिवाळी आधीच ठरवले तर मार्चमधला अर्धा वाद संपतो.

शिलाई आणि जरीच्या कारागिरांविषयी एवढेच, की जो नगावर काम करतो त्याला पाळीच्या तासांपेक्षा काम किती मिळणार ते आधी कळायला हवे. बोलावून कपडा हातात दिला नाही तर त्याचा दिवस फुकट जातो आणि मजुरीच्या वहीत ते दिसतही नाही. त्याच्या कागदावर तासांऐवजी नग लिहावेत आणि नग कमी पडले तर वर सांगितलेलाच हिशेब लावावा.

आम्ही सात दिवस आधी आणि दोन आठवड्यांचा कागद सुचवला आहे. कोणाच्या दुकानात पाच दिवस पुरतील, कोणाला दहा लागतील. आकडा आपापला ठरवावा, पण तो लाल खाने मोजून ठरवावा. आणि एकदा भिंतीवर लावलेला कागद गिऱ्हाइकाला दिलेल्या भावासारखा समजावा. भाव सांगून फिरवणारा दुकानदार बाजारात ओळखला जातो, पाळी सांगून फिरवणाराही त्याच्या माणसांत ओळखला जातो.